झोटेरोतल्या चुकलेल्या नोंदी: एका प्रबंधाच्या संदर्भसूचीचं प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात भूजलाच्या वापरावर पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी. चार वर्षांत तिच्या लॅपटॉपवर 184 पीडीएफ जमल्या होत्या. काही जर्नलच्या संकेतस्थळांवरून घेतलेल्या, काही जेस्टोर आणि रिसर्चगेटवरून, काही मार्गदर्शकांनी पेनड्राइव्हवर दिलेले झेरॉक्सचे स्कॅन, शिवाय सरकारी अहवाल आणि थोडे मराठी लेख. प्रबंध वर्डमध्ये लिहायचा आणि संदर्भ एपीए पद्धतीने द्यायचे, एवढं ठरलेलं होतं.

तिने एका दुपारी सगळं फोल्डर उचलून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत टाकलं. झोटेरो अशा वेळी प्रत्येक पीडीएफच्या सुरुवातीच्या काही पानांतला मजकूर वाचतो आणि त्यात डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, आयएसबीएन किंवा `arXiv` चा क्रमांक सापडतो का ते पाहतो. सापडला तर त्या क्रमांकावरून लेखाचे तपशील मागवतो. नाही सापडला तर पानावरच्या मजकुरावरून शीर्षक आणि लेखक ओळखायचा प्रयत्न करतो. तेही जमलं नाही तर फाइल कोणत्याही नोंदीशिवाय, नुसती पीडीएफ म्हणून यादीत पडून राहते.

तासाभरात 173 फाइलींना नोंदी मिळाल्या, 11 तशाच राहिल्या. यादी भरलेली दिसत होती, म्हणून तिने लगेच लिहायला घेतलं. पुढच्या दोन महिन्यांत पहिल्या तीन प्रकरणांत 96 ठिकाणी संदर्भ घातले गेले. ही 96 ठिकाणं पुढे महत्त्वाची ठरली.

अडचण कशी उघडी पडली

तीन प्रकरणांचा मसुदा मार्गदर्शकांकडे गेला. त्यांनी मजकूर वाचण्याआधी शेवटची संदर्भसूची उघडली (अनुभवी मार्गदर्शक बहुधा असंच करतात) आणि पेन्सिलीने तीन ओळींना गोल केले. एका ओळीत लेखक म्हणून `Board, C. G. W.` असं छापलं होतं. दुसरीत लेखाचं शीर्षक होतं `See discussions, stats, and author profiles for this publication at`. तिसरी ओळ दिसायला निर्दोष होती: लेखक, वर्ष, जर्नल, पानं, सगळं जागच्या जागी. फक्त तो लेख प्रबंधात कुठेच वापरलेला नव्हता. मजकुरात ज्या लेखातला मुद्दा घेतला होता, तो सूचीत नव्हता.

पहिल्या दोन चुका कोणालाही दिसतात. तिसरीचं तसं नाही, कारण अशी चुकलेली नोंद अस्सल नोंदीसारखीच दिसते. बाकीच्या 170 नोंदींत असं आणखी किती दडलंय हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून सगळी यादी तपासायची ठरली.

तपासणीत काय सापडलं

आधी स्तंभांची क्रमवारी लावून सोप्या चुका वर आणल्या. `Year` स्तंभावर टिचकी मारली की रिकामी वर्षं एकत्र येतात. `Creator` वर मारली की लेखक नसलेल्या नोंदी दिसतात. `Item Type` चा स्तंभ जोडला की जर्नलमधला लेख असूनही `Document` किंवा `Preprint` म्हणून बसलेल्या नोंदी वेगळ्या कळतात. या तीन क्रमवाऱ्यांत दहा मिनिटं गेली आणि साधारण निम्म्या चुका हाती लागल्या.

उरलेल्यांसाठी दुसरा उपाय नव्हता. प्रत्येक पीडीएफ उघडायची, लेखाचं खरं पहिलं पान गाठायचं आणि तीनच गोष्टी ताडायच्या: पहिल्या लेखकाचं आडनाव, वर्ष आणि शीर्षकाचे पहिले चार शब्द. एका फाइलीला सुमारे वीस सेकंद लागले, म्हणजे 173 फाइलींना तासभर.

इथे एक सापळा आहे. नोंद मिळाली की झोटेरो आपल्याकडच्या फाइलीचं नावही त्या नोंदीवरून बदलतो: लेखक, वर्ष, शीर्षक. त्यामुळे नोंद चुकलेली असली तर फाइलीचं नावही तसंच चुकतं, आणि दोन्ही एकमेकांशी जुळतात. फाइलीच्या नावावरून खात्री करणं म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावणं. ताडून पाहायचं ते आतल्या छापील पानाशीच. या विद्यार्थिनीने मूळ फोल्डर पुसलं नव्हतं, त्यामुळे शंका आली तिथे जुनं नावही पाहता आलं.

शेवटी 22 नोंदी चुकलेल्या निघाल्या.

नऊ चुका मुखपृष्ठामुळे झाल्या होत्या. जेस्टोर आणि रिसर्चगेट पीडीएफच्या पुढे स्वतःचं एक पान जोडतात. रिसर्चगेटच्या पानावरची पहिली ओळ `See discussions, stats…` अशी असते आणि खाली लेखकांच्या नावांमध्ये `SEE PROFILE` वगैरे मजकूर मिसळलेला असतो. त्या पानावर लेखाचा खरा डीओआय असेल तर बहुधा काम निभावतं. पण तिथे डीओआय नसला, किंवा `10.13140/RG` ने सुरू होणारा रिसर्चगेटचा स्वतःचा क्रमांक असला, तर नोंद भरकटते. जेस्टोरच्या पानावर `Accessed:` पुढे तुम्ही लेख उतरवून घेतल्याची तारीख असते. दोन नोंदींत तीच प्रकाशनाची तारीख म्हणून बसली होती, आणि 1980 च्या दशकातले लेख अगदी अलीकडचे ठरले होते.

सहा नोंदींत वर्ष एकाने मागेपुढे होतं. चार सरकारी अहवालांत संस्थेचं नाव माणसाच्या नावासारखं तोडलं गेलं होतं. राहिलेल्या तीन नोंदी भलत्याच लेखांच्या होत्या. त्यातली एक पीडीएफ अशा जर्नलची होती जिथे एक टिपण संपतं त्याच पानावर दुसरं सुरू होतं, त्यामुळे पानावरचा पहिला डीओआय शेजाऱ्याचा होता. दुसरी एका लेखावरची प्रतिक्रिया होती, आणि तिच्या पहिल्या परिच्छेदात मूळ लेखाचा डीओआय दिलेला होता. तिसरी फाइल म्हणजे लेखाची नुसती पुरवणी. मार्गदर्शकांच्या पेन्सिलीखाली आलेली तिसरी ओळ या प्रतिक्रियेचीच.

समोरचे पर्याय

पहिला विचार आला तो सगळं पुसून नव्याने आयात करण्याचा. पण त्याच फाइली त्याच यंत्रणेतून गेल्या असत्या आणि त्याच चुका परत आल्या असत्या. शिवाय पीडीएफवर केलेल्या खुणा आणि टिपाही गेल्या असत्या, कारण झोटेरो 6 पासून या खुणा पीडीएफमध्ये नाही, झोटेरोच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठतात. हा पर्याय तिथेच सोडला.

दुसरा पर्याय म्हणजे चुकलेली नोंद काढून टाकायची आणि डीओआयवरून नवी आणायची. पटकन होतं आणि यादीही स्वच्छ दिसते. तिसरा, आहे त्याच नोंदीत एकेक रकाना हाताने दुरुस्त करायचा. हे संथ काम आहे आणि टंकलेखनाच्या नव्या चुका शिरण्याची भीती असते. चौथा पर्याय ग्रंथालयातल्या एका मदतनीसाने नंतर सुचवला: बरोबर नोंद वेगळी आणायची आणि जुनी नोंद तिच्यात विलीन करायची.

विद्यार्थिनीने सुरुवातीला दुसरा पर्याय घेतला. या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक हीच.

चुकीचं वळण

तिने नऊ नोंदी काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी डीओआयवरून नव्या आणल्या. झोटेरोत सगळं ठाकठीक दिसलं. मग वर्डमध्ये जाऊन `Refresh` दाबलं, तर सूचीत जुनीच वर्षं आणि जुनीच शीर्षकं. पुन्हा दाबलं, तरी तेच.

वर्डमधला प्रत्येक संदर्भ झोटेरोतल्या एका ठरावीक नोंदीला बांधलेला असतो, आणि त्या नोंदीच्या तपशिलांची एक प्रतही वर्डच्या फाइलीत राहते. नोंद काढली की दोर तुटतो, आणि वर्ड स्वतःजवळची जुनी प्रत दाखवत राहतं. नव्या नोंदीत तोच लेख असला तरी झोटेरोच्या दृष्टीने ती वेगळीच वस्तू असते. वाईट म्हणजे, पुढे त्याच लेखाचा संदर्भ नव्या नोंदीतून घातला तर सूचीत एकच लेख दोनदा येतो, आणि मजकुरात वर्षापुढे नको तिथे a, b अशी अक्षरं लागतात. तिच्या मसुद्यात दोन ठिकाणी हे झालंही.

सुदैवाने काढलेल्या नोंदी झोटेरोच्या कचरापेटीत होत्या. मूळ मांडणीत ही पेटी 30 दिवसांनी आपोआप रिकामी होते, इथे जेमतेम दोन दिवस गेले होते. नऊही नोंदी परत आणल्या.

प्रत्यक्ष दुरुस्ती

त्यानंतर मात्र एकच रीत पाळली. आधी झोटेरो बंद करून त्याच्या डेटाच्या फोल्डरची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. सगळा संग्रह त्या फोल्डरमधल्या `zotero.sqlite` या फाइलीत असतो, आणि पीडीएफ शेजारच्या `storage` मध्ये.

मग एकेका चुकलेल्या लेखाचा खरा डीओआय पीडीएफच्या आतल्या पानावरून घेतला. वरच्या पट्टीतल्या जादूच्या कांडीवर (`Add Item(s) by Identifier`) टिचकी मारून तो चिकटवला. बरोबर नोंद आली. आता जुनी आणि नवी अशा दोन्ही नोंदी निवडायच्या, उजवी टिचकी मारायची आणि `Merge Items…` घ्यायचं. झोटेरो विचारतो की कोणत्या नोंदीचे तपशील ठेवायचे. तिथे नवी निवडायची. फरक असलेल्या रकान्यांपुढे पर्याय दिसतात, तेही एकदा पाहून घ्यायचे. विलीन झालेल्या नोंदीला जुनीची ओळख लागून राहते, त्यामुळे वर्डमधला दोर तुटत नाही. पीडीएफ, खुणा आणि टिपाही तिच्याखाली येतात.

हे करताना दोनदा अडलं. दोन्ही नोंदींचा प्रकार एकच नसेल तर झोटेरो विलीन करू देत नाही. जुनी `Document` असेल तर आधी तिचा `Item Type` बदलून `Journal Article` करावा लागतो. दुसरी गोष्ट फाइलीच्या नावाची. विलीन केल्यावर पीडीएफला जुनंच, चुकलेलं नाव राहिलं होतं. फाइलीवर उजवी टिचकी मारून नोंदीवरून नाव बदलण्याची आज्ञा दिली, तेव्हा ते सुधारलं.

संस्थांच्या चार अहवालांना विलीनीकरणाची गरज नव्हती. `Central Ground Water Board` हे नाव आडनाव आणि नाव अशा दोन रकान्यांत तुटलं होतं, म्हणूनच एपीएने त्याचा `Board, C. G. W.` केला. लेखकाच्या ओळीच्या शेजारी दोन रकान्यांचा एक रकाना करण्याचं छोटं बटण असतं. ते दाबून पूर्ण नाव एकसंध लिहिलं. माणसांच्या नावांत आडनाव आणि नाव उलटं पडलं असेल तर नावावर उजवी टिचकी मारून अदलाबदल करता येते, पुन्हा टंकावं लागत नाही. सगळी अक्षरं मोठ्या लिपीत असलेलं शीर्षक `Sentence case` ने लहान केलं की विशेषनामंही लहान होतात. `maharashtra` असं राहून गेलेलं दोन ठिकाणी हाताने सुधारावं लागलं.

वर्ष कोणतं धरायचं

सहा नोंदींत वर्षाचा घोळ होता, आणि तिथे यंत्राला दोष देण्यात अर्थ नव्हता. आजकाल लेख आधी ऑनलाइन येतो आणि अंकात काही महिन्यांनी बसतो. डिसेंबरमध्ये ऑनलाइन आलेला लेख पुढच्या वर्षीच्या अंकात गेला की त्याची दोन वर्षं होतात. पानाच्या तळाशी स्वामित्वहक्काचं वर्ष असतं, ते यांपैकी कोणतंही असू शकतं. डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने कोणती तारीख नोंदवली आहे हे ब्राउझरमध्ये असा पत्ता टाकून पाहता येतं:

```
https://api.crossref.org/works/10.1038/nature08238
```

हा भारतातल्या भूजलाच्या घटीवरचा 2009 सालचा `Nature` मधला लेख. आपला डीओआय त्या जागी टाकायचा. प्रकाशकाने दोन्ही तारखा दिल्या असतील तर `published-online` आणि `published-print` अशा वेगळ्या दिसतात.

विद्यार्थिनीने मार्गदर्शकांशी बोलून एक नियम ठरवला: लेखाला खंड आणि अंक मिळाला असेल तर त्या अंकाचं वर्ष, नसेल तर ऑनलाइनचं. उलट नियमही चालला असता. एकाच सूचीत दोन्ही नियम मिसळू नयेत, एवढंच पाहायचं होतं. या सहा नोंदींत फक्त `Date` चा रकाना हाताने बदलला.

नोंद न मिळालेल्या अकरा फाइली

यातल्या सहा जुन्या इंग्रजी लेखांचे स्कॅन होते. जुन्या लेखाच्या पानावर डीओआय छापलेला नसतो, पण प्रकाशकांनी मागाहून दिलेला असू शकतो. म्हणून `search.crossref.org` वर शीर्षकाने शोध घेतला. इथे पुन्हा एकदा घसरगुंडी झाली. गॅरेट हार्डिन यांचा `The Tragedy of the Commons` शोधताना याच शीर्षकाच्या पुष्कळ नोंदी समोर आल्या, आणि तिने निवडलेली नोंद 2009 ची निघाली. तीही खोटी नव्हती. तो लेख त्या वर्षी दुसऱ्या एका जर्नलमध्ये पुन्हा छापला गेला होता. पण हातातला स्कॅन 1968 च्या `Science` चा होता. त्याचा खरा डीओआय `10.1126/science.162.3859.1243`, आणि तो वाचताही येतो: खंड 162, अंक 3859, पान 1243. स्कॅनच्या कडेला छापलेल्या पान क्रमांकाशी ताडलं की शंका उरत नाही. गाजलेल्या लेखांच्या बाबतीत शीर्षक आणि लेखक जुळले एवढ्यावर थांबू नये. खंड आणि पानही जुळवावं.

डीओआय मिळाल्यावर नुसत्या फाइलीवर उजवी टिचकी मारून `Create Parent Item…` घेतलं आणि क्रमांक टाकला. या फाइलींचे संदर्भ अजून वर्डमध्ये नव्हते, त्यामुळे विलीन करण्याचा प्रश्न आला नाही.

उरलेल्या पाच फाइली मराठी लेखांच्या होत्या. पडद्यावर मजकूर स्वच्छ देवनागरीत दिसत होता, तरी झोटेरोला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवला तेव्हा उलगडा झाला: तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटली. हे लेख युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टात जुळवलेले होते. अशा फॉन्टात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला मात्र कचरा. आज्ञावली वापरणाऱ्यांना हेच असं तपासता येईल:

```
pdftotext -l 2 lekh.pdf - | head -40
```

यावर ओसीआर करावं का, म्हणजे पानाच्या चित्रावरून यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्यावीत का, हा पुढचा निर्णय होता. करता येतं:

```
ocrmypdf -l mar+eng --force-ocr lekh.pdf lekh-ocr.pdf
```

`--force-ocr` अशासाठी की फाइलीत आधीच मजकूर आहे, भले निरुपयोगी असो, आणि त्याशिवाय हे साधन काम करायला नकार देतं. पण ओसीआर करून तपशील मिळाले नसते. या लेखांना डीओआय नव्हताच, मग यंत्र शोधणार तरी काय? पाच नोंदी हाताने भरायला पंधरा मिनिटं पुरली. `Create Parent Item…` मध्ये `Manual Entry` घेतलं की रिकामी नोंद उघडते. ओसीआर पुढे लेखांत शोध घेता यावा म्हणून वेगळं केलं.

मराठी नोंदी भरताना दोन बारकावे कळले. पहिला वर्षाचा. `Date` मध्ये २०१४ असं देवनागरी आकड्यांत लिहिलं तर झोटेरो ते वर्ष म्हणून ओळखत नाही, `Year` स्तंभ रिकामा राहतो आणि एपीए लेखाला विनादिनांक ठरवतं. 2014 असंच लिहायला हवं. दुसरा नावाचा. ‘वि. म. दांडेकर’ हे एकाच रकान्यात टाकलं तर ते सूचीत ‘द’ ऐवजी ‘व’ खाली जातं. आडनाव एका रकान्यात आणि ‘वि. म.’ दुसऱ्यात हवं. `Language` मध्ये `mr` लिहून ठेवलं की मराठी नोंदी पुढे वेगळ्या काढता येतात.

निष्पत्ती

तपासणी आणि दुरुस्ती मिळून साधारण दीड दिवस गेला. त्यातला जवळजवळ निम्मा वेळ नोंदी पुसण्याच्या त्या चुकीच्या वळणाने खाल्ला. शेवटी `Refresh` केल्यावर 96 पैकी 92 संदर्भ आपोआप झोटेरोतल्या नोंदींशी जुळले. बाकीच्या चार ठिकाणी तिने वर्डमध्येच कंसातलं वर्ष हाताने बदललं होतं. असा हाताने बदललेला संदर्भ जपला की झोटेरो त्याला पुन्हा हात लावत नाही. ते चार काढून नव्याने घालावे लागले. a, b अक्षरांचा घोळ जुन्या नोंदी परत आणून विलीन केल्यावर गेला.

काय वेगळं करता आलं असतं

एकदम 184 ऐवजी वीस-वीस फाइलींचे गट घेतले असते, तर प्रत्येक गट टाकल्यावर सहा-सात मिनिटांत ताडून झाला असता, आणि एकही चुकलेली नोंद वर्डपर्यंत पोहोचली नसती. दुरुस्तीचा खर्च संदर्भ घालण्याआधी अगदी थोडा असतो, नंतर तो प्रत्येक संदर्भागणिक वाढतो.

जर्नलच्या संकेतस्थळावर मिळणाऱ्या लेखांसाठी पीडीएफपासून सुरुवात करायचीच गरज नव्हती. लेखाच्या पानावर ब्राउझरमधलं झोटेरोचं बटण दाबलं की प्रकाशकाने दिलेले तपशील येतात, आणि पीडीएफ खुली असेल किंवा विद्यापीठाच्या वर्गणीतली असेल तर तीही येते. फाइलीतून तपशील ओळखण्याची वेळ फक्त स्कॅन, अहवाल आणि पेनड्राइव्हवरच्या फाइलींवर आली असती.

मुखपृष्ठं आधी काढून मग आयात करावी का, यावर ग्रंथालयात थोडा वाद झाला. आमच्या मते ते करू नये. जेस्टोरच्या त्या पानावर खंड, अंक आणि पानं नीट दिलेली असतात, आणि हाताने नोंद भरायची वेळ आली तर तेच पान कामी येतं.

एक गोष्ट अजून अर्धवटच आहे. पुरवणीच्या फाइलीला स्वतःची नोंद नको, ती मूळ लेखाखाली जोडलेली हवी, हे कळायला उशीर झाला. तोवर मजकुरात ‘पुरवणीतल्या तक्त्यावरून’ असे दोन संदर्भ त्या वेगळ्या नोंदीतून गेले होते. फाइल आता मूळ लेखाखाली ओढून ठेवली आहे, पण ते दोन संदर्भ चौथ्या प्रकरणाच्या मसुद्याबरोबर बदलायचे आहेत.